विमान हवेत टिकतं कसं : विज्ञान मंडळातल्या मुलांसाठी सत्तर मिनिटांचं सत्र

पाचवी ते आठवीच्या पोरांसमोर हा विषय काढला की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी हात वर करतंच. "सर, पंख वरून फुगीर असतो. वरच्या हवेला लांबून जावं लागतं, म्हणून ती जोरात पळते, म्हणून वरचा दाब कमी होतो." पोरगं हे पाठ करून आलेलं असतं. हे उत्तर कित्येक पुस्तकांत छापलंय आणि त्यातला मधला दुवा साफ खोटा आहे. वरची हवा आणि खालची हवा पंखाच्या मागच्या कडेला एकाच वेळी पोचली पाहिजे, असा निसर्गाचा कुठलाही नियम नाही. वायुबोगद्यात धूर सोडून पाहिलं तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पोचलेली दिसते.

पोराला लगेच "चूक" म्हणू नका. फळ्याच्या कोपऱ्यात त्याचं उत्तर लिहून ठेवा आणि खाली दोन प्रश्न टाका. कागदाच्या विमानाचा पंख तर सपाट असतो, मग ते का उडतं? आणि हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाची विमानं उलटी होऊनही उडतात, तेव्हा फुगीर बाजू खाली गेलेली असते, मग ती पडत का नाहीत? शेवटी याच कोपऱ्याकडे परत यायचं आहे.

सत्राचा सगळा भार एका वाक्यावर ठेवा : पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून हवा पंखाला वर ढकलते. याला पुढे एक पुरवणी जोडायची आहे, ती म्हणजे पंख किती तिरका धरला यावर सगळं ठरतं आणि तिरकेपणाला मर्यादा असते. एवढ्या दोन गोष्टी तीस पोरांच्या डोक्यात नीट बसल्या तर पुरे. इंजिनाचे प्रकार, शेपटीचे भाग, राइट बंधू हे सगळं त्याच तासात कोंबायच्या मोहात पडू नका.

आदल्या दिवशीची तयारी

मुख्य प्रयोगाला लागतो एक टेबल फॅन, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, जाड ड्रॉइंग पेपर, सायकलचे तीन स्पोक, पाच सेंटिमीटर जाडीचा थर्मोकोलचा तुकडा, एक छोटी फळी आणि खोक्यांचा पुठ्ठा.

ड्रॉइंग पेपरचा ३० सेंटिमीटर लांब आणि १४ सेंटिमीटर रुंद तुकडा कापा. रुंदीच्या दिशेने तो अलगद वाकवा, म्हणजे मधला भाग कडांपेक्षा सुमारे सव्वा सेंटिमीटर वर येईल. पन्हळीच्या पत्र्याची एकच उथळ कमान डोळ्यांसमोर आणा. हा झाला पंख. पावसाळ्यात सत्र असेल तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कोल्हापुरात कागद रात्रीतून ढिला पडतो आणि कमान सपाट होते.

फळीवर थर्मोकोल चिकटवा आणि त्यात स्पोक उभे खोचा. दोन पुढे, एक मागे. पुढच्या दोघांवर पंख पुढच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत आणि मागच्यावर मागच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत चिकटपट्टीने धरा. पुढच्या आणि मागच्या स्पोकमधलं अंतर साडेअकरा सेंटिमीटर ठेवा. हे अंतर मुद्दाम निवडलंय. मागचा स्पोक थर्मोकोलमध्ये एक सेंटिमीटर आत दाबला की पंख जवळपास ५ अंश तिरका होतो, दोन सेंटिमीटर दाबला की १० अंश, तीनला १५ आणि चारला २०. स्पोकवर स्केच पेनने एकेक सेंटिमीटरच्या खुणा केल्या की कोनमापकाची गरज उरत नाही आणि मागच्या रांगेतल्या पोरालाही कोन मोजता येतो.

फॅनची हवा सरळ येत नाही, ती गोल फिरत येते, आणि तशी पंखावर पडली तर त्याची एक बाजू वर आणि एक खाली असा वेडावाकडा खेळ होतो. म्हणून पुठ्ठ्याच्या ३० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद अशा अठरा पट्ट्या कापा. त्यांना तीन-तीन सेंटिमीटरवर निम्म्या रुंदीपर्यंत खाचा पाडा, नऊ उभ्या आणि नऊ आडव्या पट्ट्या एकमेकींत अडकवून चौकटींची जाळी करा आणि ती फॅनसमोर उभी ठेवा. थोडा जोर कमी होतो, पण हवा शिस्तीत येते.

शेवटचं काम पडद्याचं. फळी काट्यावर ठेवा, फॅन काट्यापेक्षा उंच ठेवा आणि काटा, फळी आणि थर्मोकोल झाकले जातील एवढा पुठ्ठा त्यांच्यासमोर आडवा लावा, म्हणजे वारा फक्त वरच्या पंखावर येईल. तपासायची रीत सोपी आहे : पंख काढून ठेवा, फॅन चालू करा आणि काट्याकडे बघा. आकडा एक-दोन ग्रॅमपेक्षा जास्त हलला तर वारा काट्यालाच ढकलतोय. हे न तपासता सत्रात उभं राहिलात तर येणारा आकडा पंखाचा आहे की पडद्याच्या फटीचा, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. आणखी एक, बरेच काटे दोन मिनिटं हात लावला नाही की आपोआप बंद होतात आणि शून्य विसरतात. आपला काटा किती वेळ जागा राहतो ते घरीच बघून ठेवा. लाइट जाण्याची शक्यता गृहीत धरा. इन्व्हर्टरवर फॅन मंद चालत असेल तर त्या वेगाचे आकडेही आधी घेऊन ठेवा.

पहिली दहा मिनिटं : हवा म्हणजे रिकामी जागा नव्हे

बहुतेक मुलांच्या मनात हवा म्हणजे काहीच नसणं. तोवर "हवेला ढकलतो" या शब्दांना अर्थच येत नाही. म्हणून आधी विचारा, दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा खोलीतली हवा काट्यावर घातली तर किती भरेल? उत्तरं "शून्य", "दहा ग्रॅम", फार तर "अर्धा किलो" अशी येतात. कोल्हापूरच्या उंचीवर ती तीस किलोच्या आसपास भरते, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्यापेक्षा जास्त. या आकड्यावर वर्ग गप्प होतो, आणि मग पुढचं बोलणं सोपं जातं.

लगेच प्रत्येकाला उठवून एकेक करून फॅनसमोर हात धरायला सांगा. तळवा जमिनीला समांतर, मग पुढची, अंगठ्याकडची कड थोडी वर. हात वर उचलला जातो. आता कड खाली. हात खाली दाबला जातो. फॅनची जाळी घट्ट बसलेली हवी, आणि पोरं तिच्यापासून हातभर लांब. "एसटीच्या खिडकीतून हात काढला की असंच होतं" हे उदाहरण तोंडावर येतं, पण ते गिळून टाका. तुमच्या तोंडून ऐकलेलं पोरं परतीच्या प्रवासात करून बघतात.

पतंगाची गोष्ट इथे चपखल बसते. पतंगाला कण्णी बांधताना वरचा दोरा आखूड आणि खालचा लांब ठेवतो, ते पतंग वाऱ्यात तिरका उभा राहावा म्हणून. कण्णी चुकली की पतंग एकतर गोते खातो नाहीतर वर चढतच नाही. पंचगंगेच्या घाटावर पतंग उडवणाऱ्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. पतंग हा दोरीने बांधलेला पंखच आहे.

मग चमचा

हाताने एवढंच कळतं की खालून हवा आदळते. मुलांना वाटतं, पंख म्हणजे पाण्यावर आपटणारी सपाट फळी. पण पंखाचं निम्म्याहून जास्त काम वरच्या बाजूला होतं, आणि ते दाखवायला स्टीलचा मोठा चमचा पुरतो.

चमचा दांडीच्या टोकाला दोन बोटांत सैल धरा, लोंबकळता. नळाची धार बारीक, एकसंध असू द्या. नळ नसेल तर तांब्यातून धार धरायला एका पोराला उभं करा आणि खाली बादली ठेवा. आता चमच्याची फुगीर पाठ हळूच धारेला टेकवा. पाणी चमच्याला लांब ढकलेल असं सगळ्यांना वाटतं. उलट चमचा धारेत ओढला जातो, आणि बाजूला खेचून सोडला तरी परत चिकटतो.

पोरं चमच्याकडे बघतात, तुम्ही त्यांना धारेकडे बघायला लावा. धार सरळ पडत नाही, ती चमच्याच्या वळणाला धरून एका बाजूला जाते. पाणी डावीकडे वळलं, चमचा उजवीकडे ओढला गेला. आता चमचा आडवा झाल्याची कल्पना करायला सांगा : हवा पंखाच्या पाठीवरून वळणाला धरून खाली जाते, पंख वर ओढला जातो. पाण्याच्या बाबतीत थोडं काम पाण्याच्या चिकटपणाचंही असतं, हे मोठ्या मुलांना सांगून टाका, लपवू नका. हवेला तो चिकटपणा नाही, तरी ती वळते. ती का वळते हे समजावताना "पाठीमागे जागा मोकळी होते आणि आजूबाजूची हवा ती भरायला धावते" एवढं पुरेसं आहे, आणि ते खरंही आहे.

इथेच वेगाचा गुंता सोडवा. पंखाच्या वर हवा खरंच जास्त वेगाने जाते. पण लांबचा रस्ता गाठायचा म्हणून नव्हे. पंखाच्या पाठीवर दाब कमी झालेला असतो आणि हवा कमी दाबाकडे ओढली जाते, म्हणून तिचा वेग वाढतो. गर्दीत दार उघडल्यावर लोक पळत सुटतात, तसं.

काही जण इथे कागदाची पट्टी ओठांशी धरून वरून फुंकतात आणि पट्टी उचलली की "वेगवान हवेचा दाब कमी" असं सांगून मोकळे होतात. तो प्रयोग करायचा तर पुरा करा. तीच पट्टी सरळ खाली लोंबकळत धरा आणि एका बाजूने तिच्या कडेकडेने खाली फुंका. हवा तितकीच वेगात आहे, पण पट्टी तिच्याकडे ओढली जात नाही, नुसती फडफडते. कारण या वेळी वळण नाही. पहिल्या खेपेला पट्टी उचलली गेली ती हवा तिच्या वाकलेल्या पाठीवरून खाली वळली म्हणून.

काट्यावरचं विमान

सत्राचा गाभा हा, याला वीस मिनिटं द्या. एका मुलीला काट्याशी आकडा मोठ्याने वाचायला बसवा, दुसऱ्याला फळ्यावर लिहायला. बाकीच्यांना दोन्ही बाजूंना बसवा, फॅनसमोर नको. पंख बसवून, फॅन बंद असताना काटा शून्य करा.

फॅन मधल्या वेगावर लावा. पंख सपाट असतानाच काटा उणे दाखवू लागतो, दोन-तीन ग्रॅम. ही कमानीची करामत. मागचा स्पोक एक सेंटिमीटर दाबा, आकडा वाढतो. दोन सेंटिमीटर, आणखी. किती ते तुमच्या फॅनवर अवलंबून आहे, पण पाच ते पंधरा ग्रॅमच्या घरात काहीतरी मिळालं तर मांडणी बरोबर आहे. काहीच मिळत नसेल तर बहुधा पंख फॅनच्या बरोबर मधोमध आलाय, जिथे मोटर असते आणि वारा लागतच नाही. थोडा वर किंवा बाजूला सरकवा. आकडा सतत उड्या मारत असेल तर जाळी पंखापासून फार लांब आहे.

१० अंशांवर थांबा आणि विचारा, "आणखी तिरका केला तर?" सगळे ओरडतात, "अजून वाढणार!" आता उत्तर देण्याआधी पंखाच्या पाठीवर शिवणाच्या दोऱ्याचे चार सेंटिमीटरचे आठ-दहा तुकडे चिकटपट्टीने लावा, पुढचं टोक पक्कं, मागचं मोकळं. लोकर नको, या वाऱ्याला ती जड पडते. दोरे लावल्यावर काटा पुन्हा शून्य करा.

१० अंशांवर दोरे पाठीला चिकटून मागे ताणलेले असतात, विंचरलेल्या केसांसारखे. मागचा स्पोक सावकाश दाबत जा. पंधराच्या आसपास मागच्या कडेचे दोरे थरथरू लागतात. अजून दाबा. दोरे उभे राहतात, गोल फिरतात, आणि एखाददुसरा चक्क उलटा, वाऱ्याच्या विरुद्ध, पुढच्या कडेकडे वळतो. हे बघायला पोरांना जवळ येऊ द्या. काट्यावरचा आकडा आता वाढायचं थांबलेला असतो, डुलायला लागतो, कधी घसरतो. इतक्या छोट्या पंखावर तो धाडकन पडत नाही, म्हणून आकड्यापेक्षा दोऱ्यांवर भर द्या.

हवेला इतकं अवघड वळण घेता येत नाही, ती पाठ सोडून जाते आणि मागे नुसते भोवरे उरतात. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. हा शब्द उच्चारला की कुणीतरी "वडापावचा?" म्हणणार, हसू द्या. पण एक गैरसमज तिथल्या तिथे खोडा : स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. इंजिन पूर्ण जोरात असतानाही पंख मर्यादेपेक्षा तिरका झाला की स्टॉल होतो. बहुतेक विमानांत ही मर्यादा पंधरा अंशांच्या आसपास असते.

वेळ असेल तर १० अंशांवर परत येऊन फॅनचे एक, दोन, तीन असे वेग लावून आकडे घ्या. वेग थोडा वाढला तरी उचल खूप वाढते. दुप्पट वेगाला उचल चौपट होते, म्हणून तर विमान आधी धावपट्टीवर पळतं.

उजळाईवाडीचं एटीआर, चौरस फुटाच्या हिशेबात

उजळाईवाडीच्या छत्रपती राजाराम महाराज विमानतळावर दोन पंख्यांची एटीआर ७२ विमानं मुलांनी बघितलेली असतात. त्याचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालून ते पूर्ण दिसतात. भरलेलं विमान जास्तीत जास्त २३ टनांचं. पंखांचं क्षेत्रफळ ६१ चौरस मीटर, म्हणजे साडेसहाशे चौरस फूट. एखाद्या फ्लॅटएवढं.

हिशेब मुलांकडून करून घ्या. २३ हजार किलो भागिले साडेसहाशे म्हणजे दर चौरस फुटावर सुमारे ३५ किलो. खडूने जमिनीवर एक चौरस फूट आखा आणि साधारण तेवढ्या वजनाच्या एखाद्या सहावीतल्या पोराला त्यात उभं करा. पंखाच्या प्रत्येक फुटावर असं एक पोर, अशी साडेसहाशे पोरं.

"एवढं वजन हवा कशी उचलते?" हे विचारलं गेलं की उत्तर द्या : कोल्हापुरात त्याच चौरस फुटावर हवा आत्ताही सुमारे ९०० किलोच्या जोराने दाबतेय. वरून तेवढीच, खालून तेवढीच, म्हणून कळत नाही. विमानाला ३५ किलोचा फरक पुरतो, शंभरातले चार. पंखाच्या वरचा दाब थोडा कमी आणि खालचा थोडा जास्त झाला की झालं.

दाब आणि "हवा खाली ढकलणं" ही दोन वेगळी कारणं आहेत असं वाटू देऊ नका. दाबातल्या फरकामुळेच हवा खाली वळते, आणि हवा वळते तेव्हाच दाबात फरक पडतो. ताशी पाचशे किलोमीटरने जाणारं हे एटीआर ढोबळ हिशेबाने दर सेकंदाला साठ टन हवा सायकलच्या वेगाने खाली ढकलत असतं. खूप हवा, थोड्या वेगाने. ढकलणं थांबलं की विमान खाली.

उतरताना विमान हळू येतं, मग उचल कमी पडायला हवी. पण खिडकीशी बसलेल्याला दिसतं की पंखाच्या मागच्या कडेतून फळ्या बाहेर येऊन खाली झुकतात. त्या फ्लॅप्समुळे पंख जास्त वाकडा आणि मोठा होतो, आणि कमी वेगातही तेवढीच हवा खाली वळवतो.

कागदावर स्टॉल

शेवटची पंधरा मिनिटं पोरांच्या हातात द्या. नेहमीचं टोकदार विमान नको, रुंद पंखाचं करा. साधा ए-फोर कागद आडवा ठेवा. लांब कड दीड सेंटिमीटर दुमडा, आणि तशीच एकूण आठ वेळा गुंडाळत जा, प्रत्येक घडी नखाने दाबून. नऊ सेंटिमीटर रुंद पट्टी उरते, पुढची कड जड. मध्ये हलकी घडी घालून इंग्रजी व्हीचा अगदी उथळ आकार द्या आणि पुढच्या कडेला मधोमध दोन कागदी क्लिपा लावा. मागची कड सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर वर वाकवा.

सोडण्याआधी दोन बोटांच्या टोकांवर तोलून बघा. पुढच्या कडेपासून दोन सेंटिमीटरवर तोल आला पाहिजे. त्याच्या मागे आला तर आणखी एक क्लिप लावा. मागे जड विमान हातातून सुटताच उलटी कोलांटी घेतं, आणि दहातली आठ विमानं याच एका चुकीने पडतात. फेकायचं नाही, खांद्याच्या उंचीवरून नाक किंचित खाली ठेवून पुढे ढकलून सोडायचं. छताचे पंखे बंद ठेवा.

सरळ तरंगत गेलं की मागची कड एक सेंटिमीटर वर वाकवायला सांगा. आता विमान नाक वर करून चढतं, हवेत क्षणभर थबकतं, नाक टाकतं, खाली येताना वेग घेतं आणि पुन्हा चढतं. जिथे थबकतं तिथेच दोरे उलटे फिरले असते. नाक टाकल्यावर ते सावरतं कसं, हे मुलांनाच सांगू द्या : तिरकेपणा कमी झाला, हवा पुन्हा पाठीला धरून वाहू लागली. वैमानिकही स्टॉल झाला की आधी नाक खाली करतो.

"इंजिन बंद पडलं तर?" हा प्रश्न इथे येतोच, आणि उत्तर पोरांच्या हातातच असतं. त्या कागदाला इंजिन कुठे आहे? इंजिन वेग टिकवतं. ते नसेल तर विमान उंची खर्च करून वेग टिकवतं आणि घसरत खाली येतं. १९८३ मध्ये कॅनडात एका बोइंग ७६७ चं इंधन ४१ हजार फुटांवर संपलं, कारण भरताना किलोऐवजी पौंडांत हिशेब झाला होता. वैमानिकांनी ते तरंगत आणून गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि आतले ६९ जण वाचले.

मग फळ्याच्या कोपऱ्याकडे या आणि सुरुवातीला हात वर केलेल्या त्याच पोराला खडू द्या. सूर्यकिरणचं उलटं विमान त्याने काढायचं, फुगीर बाजू खाली, आणि पंख कुठल्या बाजूला तिरका हवा ते बाणाने दाखवायचं. बहुतेक वेळा ते आधी पंख आडवा काढतं, थांबतं, हाताने फॅनसमोरची क्रिया हवेत करून बघतं आणि मग पुढची कड पुसून वर नेतं.